टच बंद असलेला कॅसिओ

आमच्याकडे रत्नागिरीत कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणतात. "सर, देवरूखच्या बाजूला एक बुवा कॅसिओ विकतायत, नऊ हजार म्हणतायत, घेऊ का?" असा माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. तेव्हा कंपनी कुठली ते मी विचारलं नाही. किती पट्ट्या, टच म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त होण्याची सोय आहे का, अ‍ॅडाप्टर मूळचा आहे का आणि बुवा त्यावर काय वाजवतात, एवढंच विचारलं. शेवटचा प्रश्न ताईंना चमत्कारिक वाटला. पुढे सगळं प्रकरण त्याच प्रश्नाभोवती फिरलं.

मुलगा अकरा वर्षांचा, माझ्याकडे दीड वर्षं शिकतोय. आतापर्यंत तो बिनटचच्या छोट्या कीबोर्डवर घरी सराव करत होता. आता परीक्षेत वाजवायच्या तुकड्यांमध्ये हळू वाजवा, जोरात वाजवा असं लिहिलेलं असतं, आणि त्या खेळण्यावर हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, आवाज तेवढाच. म्हणून ताईंना ६१ पट्ट्यांचा, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त करणारा कीबोर्ड हवा होता. त्या वर्गातला, भारतीय ताल आणि तानपुरा असलेला नवा कीबोर्ड त्या आठवड्यात दुकानात साडेसोळा हजारांना होता. ताईंची तयारी आठ हजारांपर्यंतची.

बुवांकडचा कीबोर्ड सहा वर्षांपूर्वी पंधरा हजारांना घेतलेला होता. मुंबईतल्या मुलाने नवा मोठा पाठवला, म्हणून हा काढायचा होता. फोनवर बुवांनी एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात डेमोचं बटण दाबलेलं, दिवे लागलेले, तबला-बासरी-व्हायोलिन झोकात चाललेलं. ताईंना तेवढ्यावर खात्री पटली होती.

डेमो ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जुना कीबोर्ड घेणारे बहुतेक जण तिथेच फसतात. डेमोचं गाणं यंत्राच्या स्मृतीत साठवलेलं असतं. ते वाजलं म्हणजे आतली चिप, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जिवंत आहेत. त्यात एकाही पट्टीचा संबंध येत नाही. सगळ्या ६१ पट्ट्या काढून ठेवल्या तरी डेमो तसाच ठणठणीत वाजेल. आणि वापरलेल्या कीबोर्डमध्ये चिप क्वचितच जाते, जातात त्या पट्ट्यांखालच्या गोष्टी.

बरोबर काय घेऊन गेलो ते सांगतो. सहा पेन्सिल सेल, कारण फोनवर विचारून घेतलं होतं की मागे त्याच आकाराचे सहा बसतात. साधा हेडफोन आणि त्याला मोठी पिन. लॅपटॉप, आणि प्रिंटरला असते तशी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल. बस, एवढंच.

बुवांचं घर रस्त्याला लागूनच होतं. ओसरीत पखवाज, झांजा, आणि टेबलावर कीबोर्ड, वर आरतीच्या ताम्हणाखाली घालतात तसलं लाल कापड. बुवा साठीचे, आवाज अजून खणखणीत. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच वाजवून दाखवला. हार्मोनियमचा स्वर लावला, काळी एकमध्ये सुरावट घेतली आणि अभंगाच्या चालीची दोन आवर्तनं अशी काही रंगवली, की ताईंनी पर्सला हात घातला. मी म्हटलं, "बुवा, आता जरा मी बसतो."

आधी कीबोर्ड उलटा केला. सेलच्या खणाचं झाकण उघडलं. तिथल्या स्प्रिंगांवर पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला, तर सेल आत गळलेले असतात आणि ते पाणी पुढे तारांपर्यंत गेलेलं असू शकतं. इथे स्प्रिंगा कोरड्या आणि चकचकीत होत्या. बुवा कायम अ‍ॅडाप्टरवरच वाजवत. अनुक्रमांकाची पट्टी शाबूत होती, आकडा फोनमध्ये टिपून ठेवला. मग कीबोर्ड सरळ करून दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत मोबाइलचा उजेड मारला. आत गुलाल. फटींच्या कडांना गुलाबी रेघा, आणि मधल्या सप्तकात त्या जास्त गडद. गणपती, काकडा, सप्ताह, सगळीकडे हा कीबोर्ड हिंडलेला. तो गुलाल बघून बुवांवर रागवायचं काही कारण नव्हतं, पण पुढे काय सापडेल याचा अंदाज मला तिथेच आला.

मग पियानोचा स्वर लावला. कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ बंद केली, ताल बंद केला. हे मुद्दाम करावं लागतं. साथ चालू असली की डावीकडच्या पट्ट्या स्वराऐवजी कॉर्ड वाजवतात, त्यामुळे एखादी मेलेली पट्टी कळत नाही, आणि उलट चांगल्या पट्ट्या मेल्यासारख्या वाटतात. ताल चालू असला तर त्याच्या गोंगाटात दोन पट्ट्यांच्या आवाजातला फरक बुडून जातो. पियानो एवढ्यासाठी की त्याचा आवाज बोटाच्या जोरावर बदलतो. हार्मोनियम किंवा ऑर्गनचा स्वर बऱ्याच कीबोर्डांवर तसा बदलत नाही.

मधला सा अगदी हळू दाबला, मग जोरात. दोन्ही वेळा सारखाच आवाज. शेजारची पट्टी, तेच. सगळ्या पट्ट्या सारख्याच बिघडणं जवळपास अशक्य, म्हणून फंक्शनच्या यादीत गेलो. टच बंद करून ठेवलेला होता.

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चोर पकडला. मी मान हलवून नको म्हटलं. हार्मोनियमच वाजवणारा माणूस टच बंद ठेवतोच, त्याला त्याचा त्रास होतो. बुवांना टच म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. कुणीतरी मंडळातल्या पोराने सहा वर्षांपूर्वी बंद करून दिला, तो तसाच होता. विकणाऱ्याच्या मनात पाप असो-नसो, परिणाम मात्र एकच. टच बंद असला की प्रत्येक पट्टीला ठरावीक आवाज मिळतो, आणि पट्टीखालचा अर्धवट बिघाड पूर्ण झाकला जातो. म्हणून मी फोनवर विचारलं होतं की बुवा काय वाजवतात.

हा बिघाड कसा असतो ते समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. टचच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक फुगवटा असतो, आणि त्याच्या आत कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या, एक जराशी उंच, एक जराशी खोल. पट्टी दाबली की आधी एक टिकली खालच्या सर्किटच्या पाटीवरच्या रेघांना टेकते, मग दुसरी. कीबोर्ड या दोन टेकण्यांमधला वेळ मोजतो. वेळ जास्त म्हणजे बोट हळू आलं, आवाज लहान. वेळ कमी म्हणजे बोट जोरात आलं, आवाज मोठा. जोर असा तो मोजतच नाही, मोजतो तो वेळ.

आता पहिल्या टिकलीखाली गुलाल, धूळ किंवा उदबत्तीची काजळी बसली, की ती उशिरा टेकते, जवळजवळ दुसरीबरोबरच. मधला वेळ शून्याजवळ. कीबोर्डला वाटतं की बोट विजेसारखं आलं, आणि ती पट्टी हळू दाबली तरी किंचाळते. दुसऱ्या टिकलीखाली घाण असली, तर हलक्या दाबाला पट्टी मुकी राहते आणि दाबून धरल्यावर बोलते. म्हणून जुन्या कीबोर्डमध्ये पूर्ण मेलेल्या पट्टीपेक्षा अचानक ओरडणारी पट्टी जास्त भेटते, आणि तीच घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

टच चालू केला आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या, तीनदा गेलो. एकदा पिसासारख्या बोटाने, एकदा नेहमीच्या, एकदा जोरात. याला दहा मिनिटं लागतात आणि बघणाऱ्याला कंटाळा येतो. बुवांना पहिल्यांदा काही वाटलं नाही, पण मधल्या सप्तकात काळी एकवर आलो आणि आवाज असा फुटला, की आतून त्यांची सूनबाई बाहेर डोकावली.

कानाने पाच पट्ट्या सापडल्या. पण कान दमतो, आणि विकणाऱ्याशी वाद घालायला कान पुरत नाही, म्हणून लॅपटॉप जोडला. बहुतेक टचच्या कीबोर्डांना मागे यूएसबीचं चौकोनी छिद्र असतं. विंडोजवर MIDI-OX सारखा फुकटचा प्रोग्रॅम उघडला आणि आकडे दशमान पद्धतीत दाखवायला लावले, की प्रत्येक पट्टीचा क्रमांक आणि ती किती जोरात दाबली गेली असं कीबोर्डला वाटलं, तो १ ते १२७ मधला आकडा पडद्यावर दिसतो. मधला सा, म्हणजे पांढरी एक, हा ६० क्रमांक. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सगळ्यात डावी पट्टी ३६, सगळ्यात उजवी ९६. मी शक्य तितक्या सारख्या हलक्या बोटाने वाजवत गेलो, तेव्हा साधारण असं दिसलं:

```
60  velocity 34
61  velocity 127
62  velocity 31
63  velocity 36
64  velocity 33
65  velocity 119
66  velocity 127
```

पुढे ७० ला १२४. खालच्या सप्तकात ५६ क्रमांकाची पट्टी हलक्या बोटाला काहीच दाखवत नव्हती, जोरात दाबल्यावर कशीबशी उमटायची. बाकीच्या ५६ पट्ट्या तीसच्या आसपास, एखाद-दुसरी पंचेचाळिसाला. एवढा फरक बोटाचाही असतो, तो मोजायचा नाही.

क्रमांक कागदावर लिहिले: ५६, ६१, ६५, ६६, ७०. बुवांनी कागद हातात घेतला. आकड्यांचं त्यांना काही नव्हतं, म्हणून मी नावं सांगितली. मधली काळी एक, पांढरी चार, काळी तीन, काळी पाच आणि खालची काळी चार. बुवा दोन क्षण थांबले आणि हसायला लागले. "अहो सर, ही तर माझीच पट्टी!" खरंच होतं. बुवा काळी एकमध्ये गातात. काळी एकला सा धरला, तर पांढरी चार म्हणजे ग, काळी तीन म्हणजे म, काळी पाच म्हणजे ध, आणि खालची काळी चार म्हणजे मंद्रातला प. सहा वर्षं ज्या पट्ट्यांवर बोट जास्त टेकलं, गुलाल लागलेलं बोट, त्याच पट्ट्या गेल्या होत्या.

माझ्या दृष्टीने ही बातमी चांगली होती, वाईट नव्हे. कारण बिघाड कुठे आहे हे पट्ट्यांच्या अंतरावरून कळतं. कीबोर्डमध्ये ६१ पट्ट्यांना ६१ वेगळ्या तारा नसतात. पट्ट्या गटांमध्ये जोडलेल्या असतात आणि चिप एकेका ओळीला आळीपाळीने विचारत जाते. त्यामुळे एखादी तार किंवा पाटीवरची रेघ तुटली, की ठरावीक अंतराने पट्ट्या मरतात, दर सहावी किंवा दर आठवी, नाहीतर सलग सहा-आठांचा गठ्ठाच्या गठ्ठा. संगमेश्वरला एकदा मी असा कीबोर्ड पाहिला होता. दर आठवी पट्टी मुकी, आणि मालक सांगत होता की जरा धूळ बसलीय. ती धूळ नव्हती. तो कीबोर्ड चार हजारांना मिळत होता तरी सोडला. इथे मात्र अंतरं वेडीवाकडी होती, वापराच्या जागी होती आणि गुलाल डोळ्यांना दिसत होता. म्हणजे बहुधा रबर आणि कार्बन. हे साफ होतं. नाहीच झालं तर बदलता येतं.

बाकीच्या तपासण्या भरभर झाल्या. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली, चारपाच वेळा गरगर फिरवल्यावर गेली, तिला मी किंमत देत नाही. हेडफोन लावला, दोन्ही कानांत आवाज, आणि काढल्यावर स्पीकर परत सुरू झाले. हे दुसरं अर्धं बघायला लोक विसरतात. त्या छिद्रातली पत्ती अडकली तर पिन काढल्यावरही स्पीकर गप्प राहतात. कीबोर्डच्या पडद्यावरचे आकडे पूर्ण उमटत होते.

अडचण आली ती वीजपुरवठ्याची. काही वाजवत नसताना स्पीकरमधून बारीक 'हंऽऽ' असा घुमारा होता. बुवा म्हणाले, तो असतोच. अ‍ॅडाप्टर काढून माझे सहा सेल घातले, घुमारा गायब. म्हणजे दोष कीबोर्डात नव्हता, अ‍ॅडाप्टरमध्ये होता. मूळचा दोन वर्षांपूर्वी जळाला आणि बाजारातून मिळेल तो आणलेला. इथे एक धोका सांगायलाच हवा. पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर चालतो असं नाही. यामाहाचे बहुतेक असे कीबोर्ड १२ व्होल्टचे, पिनेच्या आतल्या बाजूला धन. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांना ९ व्होल्ट लागतो आणि आतल्या बाजूला ऋण. उलटा लावला तर क्षणात हानी होऊ शकते. कीबोर्डच्या मागे छिद्राशेजारी एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे. तेच चित्र अ‍ॅडाप्टरवर जुळायला हवं, व्होल्ट जुळायला हवेत आणि अ‍ॅडाप्टरवरचा अँपिअरचा आकडा कीबोर्डला लागणाऱ्यापेक्षा कमी नको. बुवांचा अ‍ॅडाप्टर सुदैवाने दिशेने बरोबर होता, फक्त हलक्या दर्जाचा होता. पिन छिद्रात असताना थोडी हलवून पाहिली, पडदा विझला नाही, म्हणजे छिद्राचं सोल्डरिंग पक्कं.

आता पैसे. बुवांचा हिशेब असा होता: पंधराला घेतला, सहा वर्षं वापरला, सहा हजार सोडले, राहिले नऊ. हा हिशेब सगळेच विकणारे करतात आणि तो चुकीच्या टोकापासून सुरू होतो. घेणाऱ्याला सहा वर्षांपूर्वीच्या बिलाशी काय करायचंय? आज त्याच कामाचा नवा साडेसोळाला मिळतो, हमी, अ‍ॅडाप्टर आणि पुस्तकासकट, आणि तुलना त्याच्याशीच करायची. ताईंनी मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघून ठेवल्या होत्या: त्याच वर्गाचे तीन कीबोर्ड, नऊ हजार, साडेआठ आणि साडेसात. पण नऊ आणि साडेआठवाले दोन महिन्यांपासून तिथेच होते. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते. गिऱ्हाईक त्या भावाला घेतं का, हे जाहिरात किती दिवस टिकून राहते त्यावरून कळतं.

पाच-सहा वर्षांचा, सगळ्या पट्ट्या नीट असलेला आणि मूळ अ‍ॅडाप्टरसकटचा कीबोर्ड आजच्या नव्याच्या निम्म्याला, असं मी धरतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, माझ्या वर्गातल्या दहा-बारा खरेदींतून बसलेला अंदाज आहे, आणि वाद्यवृंदात वाजणाऱ्या महागड्या मोठ्या कीबोर्डांना तो लागू पडत नाही. त्याप्रमाणे इथे साधारण आठ हजार. त्यातून नव्या अ‍ॅडाप्टरचे बाराशे. उरले सहा हजार आठशे. उघडून साफ करायला रत्नागिरीतला कारागीर बाराशे घेतो. उरले पाच हजार सहाशे. आणि साफ करून भागलं नाही, रबराच्या पट्ट्या मागवायची वेळ आली, तर आणखी अठराशे धरायचे, म्हणजे तीन हजार आठशे.

हे सगळं मी बुवांच्या समोरच कागदावर मांडलं. बुवा गंभीर झाले. "चिपळूणचा एक जण आठ द्यायला तयार आहे," म्हणाले. मी म्हटलं, "मग त्याला द्या बुवा, फक्त या पाच पट्ट्या दाखवून द्या. नाहीतर तो परत आणील." त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुम्ही उघडलात आणि जास्तच बिघडला तर?" हा प्रश्न रास्त होता. उघडण्याआधी वस्तू त्यांची, उघडल्यावर कुणाची?

तोडगा असा निघाला. ताईंनी पाचशे रुपये विसार द्यायचा. कीबोर्ड बुवांनीच रत्नागिरीत कारागिराकडे आणायचा, उघडताना आम्ही तिघे हजर राहायचं. कारागिराचे पैसे ताईंचे, काहीही झालं तरी. एकसष्ट पट्ट्या आकड्यांत सारख्या आल्या तर पाच हजार सहाशे. रबर बदलावं लागलं तर तीन हजार आठशे, आणि बुवांना ते मान्य नसेल तर त्यांनी साफ झालेला कीबोर्ड घेऊन घरी जायचं, विसार परत. बुवांना शेवटचं कलम आवडलं. फुकट सफाई झाली, तोटा काय?

गुरुवारी दुपारी कारागिराच्या टेबलावर कीबोर्ड पालथा पडला. तीस-एक स्क्रू काढले. कुठला लांब, कुठला आखूड हे तो औषधाच्या रिकाम्या पाकिटात वेगवेगळं ठेवत होता, कारण लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर वरचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. पट्ट्यांचा सांगाडा निघाला, त्याखाली रबराचे लांब तुकडे, एकेका सप्तकाचा एकेक. मधला उचलला तर खालची पाटी गुलाबी. बुवा म्हणाले, "देवाचाच आहे." कारागिराने पाटीवरचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसला, टिकल्या कोऱ्या कागदावर एकदाच टेकवून उचलल्या. घासल्या नाहीत. कार्बनचा थर पातळ असतो. सँडपेपर किंवा खोडरबराने घासला की त्या दिवशी वाजतो आणि महिन्याभरात जातो. तेलकट स्प्रे तर मारायचाच नाही. गुलालावर तेल पडलं की चिखल होतो. रबर परत बसवताना त्याच्या खुंट्या भोकांत पूर्ण गेल्या पाहिजेत. एक जरी वर राहिली तरी तिच्या वरची पट्टी जड लागते.

अर्धवट जोडून लॅपटॉप लावला. ५६ नीट, ६५ नीट, ६६ नीट, ७० नीट. ६१ मात्र अजून कधी ४०, कधी ११८. बुवांचा सा. कारागिराने भिंगातून बघितलं आणि मला दाखवलं, एका टिकलीचा काळा रंग मधोमध राखाडी पडला होता. घाण निघाली होती, पण कार्बनच झिजला होता.

आता रबर मागवायचं, म्हणजे तीन हजार आठशेचं कलम. बुवांचा चेहरा पडला. पण कारागिराने वेगळंच केलं. या कीबोर्डात रबराचे तुकडे सप्तकागणिक सारखेच होते, फक्त उजव्या टोकाचा एका पट्टीने मोठा. डावीकडच्या टोकाच्या सप्तकाला बुवांनी सहा वर्षांत क्वचितच हात लावला होता, तिथलं रबर नव्यासारखं. त्याने डावीकडचा तुकडा मध्ये आणि मधला डावीकडे बसवला. पुन्हा आकडे बघितले: ६१ ला ३३, ३५, ३२. आणि सगळ्यात डावीकडच्या काळी एकला, ३७ क्रमांकाला, तोच आडदांडपणा आला. यातून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. दोष रबराबरोबर हलला, म्हणजे पाटी निर्दोष. रबर हलवूनही दोष ६१ वरच राहिला असता, तर मी ताईंना सरळ नको म्हणून सांगितलं असतं.

साठ पट्ट्या नीट, एक कोपऱ्यातली खराब. दोन्ही कलमांत न बसणारी परिस्थिती. ताई म्हणाल्या पाच हजार, बुवा म्हणाले साडेपाच. पाच हजार दोनशेवर ठरलं. विसाराचे पाचशे वजा करून चार हजार सातशे ताईंनी तिथेच यूपीआयने पाठवले. बुवांनी वहीच्या पानावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख लिहून सही केली. जुनं बिल त्यांना सापडलं नाही, पण हमीचं कार्ड सापडलं आणि त्यावरचा क्रमांक मागच्या पट्टीशी जुळला, एवढं पुरलं. कारागिराचे बाराशे आणि अ‍ॅडाप्टरचे बाराशे धरून ताईंना कीबोर्ड सात हजार सहाशेला पडला.

डावीकडची ती काळी एक अजून तशीच आहे. मुलाचा डावा हात अजून इतका खाली जात नाही. गेला की रबर मागवू, असं ताईंनी ठरवलंय. बुवा निघताना त्यांनी एकदा कीबोर्डवर हात ठेवला. टच चालू होता आणि पियानोचा स्वर लागलेला होता. काळी एक हळूच दाबली, मग जरा जोरात, मग पुन्हा हळू. "अरेच्या," म्हणाले, "हे असं होतं होय यात?" आणि घरी गेल्यावर मुलाने पाठवलेल्या नव्या कीबोर्डचा टच कसा चालू करायचा, ते माझ्याकडून पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.